रिकामी बाटली खरंच रिकामी असते का? दुसरीसाठी फुगा-बाटलीचे प्रयोग आणि अंदाजाचा कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसरीच्या शिक्षकांना आणि घरी प्रयोग करून पाहणाऱ्या पालकांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. हवा जागा व्यापते हे दाखवणारे प्रयोग बरेच आहेत. इथे मुख्य प्रयोग एकच घेतला आहे, तो म्हणजे बाटलीच्या आत फुगा फुगवणं. त्याच बाटल्यांवर होणारे आणखी दोन छोटे प्रयोग पुढे दिले आहेत.

प्रयोग थोडक्यात काय आहे?

सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्यायच्या. एक धड, दुसरीला बुडाजवळ एक छिद्र. दोन्हींत फुगा आत सोडून त्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचं आणि फुंकर मारायची. धड बाटलीत फुगा जेमतेम लिंबाएवढा होतो आणि तिथेच अडतो, गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी पुढे जात नाही. छिद्राच्या बाटलीत तो सहज फुगतो आणि बाटली जवळपास भरून टाकतो. फुगलेला असताना छिद्रावर बोट दाबलं आणि मग तोंड बाजूला घेतलं, तर फुगा तसाच राहतो. बोट उचललं की फुस्स.

मुलांचा अंदाज बहुतेक वेळा उलटा का येतो?

कारण छिद्र म्हणजे पंक्चर, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. सायकलच्या ट्यूबला भोक पडलं की हवा राहत नाही, फुग्याला टाचणी लागली की तो फुटतो. त्यामुळे छिद्राच्या बाटलीत फुगा फुगणार नाही आणि धड बाटलीत छान फुगेल, असं बहुतेक मुलं सांगतात. हा अंदाज चुकीचा असला तरी तो अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला हसू नये.

चूक एवढीच की मुलं एकच हवा धरतात, फुंकरीची. बाटलीत आधीपासून हवा आहे हे त्यांच्या हिशेबात नसतं. आपली भाषाही त्यात भर घालते. झाकण उघडून उलटी केलेली बाटली आपण सगळेच ‘रिकामी’ म्हणतो. हवा हलली, अंगाला लागली, तर ती ‘वारा’ म्हणून कळते. गप्प बसलेली हवा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या तासाभरात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: कुठली हवा? बाटलीतली की फुग्यातली?

बाटली कोणती घ्यावी?

शीतपेयाची ७५० मिलीची बाटली सगळ्यात सोयीची. तिचं प्लास्टिक जाड असतं, फुंकर मारली तरी ती फुगत नाही आणि मुलाच्या हातात दबत नाही. बाजारात मिळणारी पाण्याची बाटली टाळा. तिच्या भिंती इतक्या पातळ असतात की धड बाटलीतही फुगा बराच फुगतो, कारण बाटलीच थोडी पसरते. मग मुलांना दोन बाटल्यांतला फरक नीट दिसत नाही.

दोन लिटरची बाटली दिसायला भारी, पण दुसरीच्या मुलाला जड जाते. सात वर्षांच्या मुलाच्या एका मोठ्या श्वासात साधारण एक-सव्वा लिटर हवा असते, तीही पूर्ण जोर लावला तर. ७५० मिलीच्या बाटलीत एक-दोन फुंकरीत निकाल लागतो. दोन्ही बाटल्या एकाच मापाच्या आणि एकाच प्रकारच्या घ्या. नाहीतर ‘ती मोठी होती म्हणून’ असं म्हणायला एखादं हुशार मूल मोकळं होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं.

वेष्टन काढून टाका, आतलं दिसलं पाहिजे. झाकण उघडल्यावर गळ्यात प्लास्टिकची जी कडी उरते तीही कात्रीने कापून काढा. तिच्या कडेला घासून फुग्याचं तोंड फाटतं.

आणि फुगा?

वाढदिवसाला लावतात तो साधा गोल फुगा, फुगल्यावर ९ ते १० इंचांचा. रंगपंचमीचे छोटे फुगे चालत नाहीत, त्यांचं तोंड बाटलीच्या गळ्यावर ताणताना फाटतं. लांबट फुगेही नकोत. गेल्या वर्षीच्या पाकिटातले उरलेले फुगे वापरायचा मोह होतो, पण उन्हाळ्यात रबर चिकट होतं आणि ऐन वेळी तुटतं.

प्रत्येक फुगा आदल्या दिवशी पंपाने एकदा-दोनदा फुगवून सोडून द्या. नव्या कोऱ्या फुग्याला पहिली फुंकर सगळ्यात जड जाते. तो सैल केला नाही तर छिद्राच्या बाटलीतही मुलाला फुगवता येत नाही आणि सगळा प्रयोग ओम फस होतो.

छिद्र कुठे, केवढं आणि कशाने पाडायचं?

बुडाच्या मधोमध नको. तिथलं प्लास्टिक सगळ्यात जाड असतं, आणि बाटली टेबलावर ठेवली की छिद्र झाकलं जाण्याची भीती असते. बुडापासून ३–४ सेंटिमीटर वर, बाजूच्या भिंतीत पाडा. मुलाचं बोट तिथे आरामात पोचतं.

छिद्र ५–६ मिलिमीटरचं हवं, म्हणजे साधारण पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक. सुईने पाडलेल्या भोकातून हवा इतकी हळू निघते की मूल दमून जातं आणि ‘छिद्र असूनही फुगत नाही’ असं समजून बसतं. याहून मोठं केलं तर लहान बोटाने ते पुरतं झाकलं जात नाही.

पक्कडीत धरलेला जाडसर खिळा गॅसवर तापवून टेकवला की गोल छिद्र पडतं. हे काम मोठ्यांनी, आदल्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून करायचं, वर्गात नाही. वितळलेल्या प्लास्टिकची छिद्राभोवती एक उंच कडा तयार होते. ती नखाला लागते आणि तिच्यामुळे बोट नीट टेकत नाही, बाजूने हवा निसटते. पॉलिश पेपरने ती घासून सपाट करा. दाभणाने भोसकलेलं छिद्र वेडंवाकडं होतं, भेगही जाऊ शकते.

फुगा बाटलीत बसवताना फाटतो किंवा निसटतो. काय करावं?

एकट्याने करू नका, दोघं लागतात. फुग्याचं तोंड बाहेर धरून ठेवा आणि बाकीचा भाग पेन्सिलीच्या बोथट टोकाने आत सारा. टोकदार बाजूने सारलं की फुग्याला न दिसणारं छिद्र पडतं. मग एकाने बाटली घट्ट धरायची, दुसऱ्याने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं फुग्याच्या तोंडात घालून ते रुंद करायचं आणि गळ्यावर उलटं ओढायचं. फुग्याची जाड कडा आट्यांच्या खाली गेली पाहिजे. आट्यांवरच राहिली तर फुंकर मारताना ती वर सरकते. शंका असेल तर वरून एक रबरबँड गुंडाळा.

आत फुग्याला पीळ पडलेला नाही ना, हे उजेडासमोर धरून बघा. पीळ पडला असेल तर फुंकर आत शिरतच नाही.

अंदाजाचा कागद म्हणजे काय? त्यावर काय काय असावं?

आधी नावाबद्दल. ‘अंदाजपत्रक’ म्हटलं की पालकांना सरकारी बजेट आठवतं, म्हणून सरळ ‘अंदाजाचा कागद’ म्हणावं.

ए-फोर कागद उभा धरून मधोमध घडी घालायची. डावीकडे ‘आधी: मला काय वाटतं’, उजवीकडे ‘नंतर: काय झालं’. अंदाज लिहिताना उजवी बाजू मागे दुमडलेली असते. दोन्ही बाजूंना तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने:

१. धड बाटलीत फुंकर मारली तर फुगा केवढा होईल?
(अजिबात नाही / लिंबाएवढा / बाटलीभर)

२. छिद्राच्या बाटलीत फुंकर मारली तर केवढा होईल?
(अजिबात नाही / लिंबाएवढा / बाटलीभर)
मला असं वाटतं, कारण ………………

३. फुगा फुगलेला आहे. छिद्रावर बोट ठेवलं, मग तोंड काढलं. फुगा काय करेल?
(तसाच राहील / लहान होईल)

४. आता बोट उचललं. फुगा काय करेल?
(तसाच राहील / लहान होईल)

पहिल्या दोन प्रश्नांसाठी पर्याय शब्दांत देण्यापेक्षा बाटलीची रिकामी बाह्यरेषा छापा आणि फुगा मुलांनाच काढू द्या. दुसरीतल्या मुलाला वाचायला वेळ लागतो, काढायला लागत नाही. शिवाय ‘थोडासा फुगेल’ म्हणजे नेमका केवढा, हे चित्रात लपत नाही. कारण मात्र एकाच प्रश्नाला विचारा, दुसऱ्या. चारही ठिकाणी ‘कारण’ छापलं की मुलं चारही ठिकाणी ‘कारण मला वाटतं’ असं लिहून मोकळी होतात.

उजव्या बाजूला एक गोष्ट जास्तीची: दोन रंगांचे खडू. निकालाचं चित्र काढल्यावर फुग्यातली हवा लाल रंगाने आणि बाटलीतली निळ्या रंगाने भरायची. धड बाटलीत निळा रंग जवळजवळ सगळी बाटली व्यापतो. छिद्राच्या बाटलीत लाल रंग भरून जातो आणि निळ्याला फक्त कडेची पट्टी उरते. बाकीचा निळा कुठे गेला? काही मुलं आपणहून छिद्रातून बाहेर जाणारा निळा बाण काढतात. तसं झालं तर तुम्हाला फारसं काही समजावून सांगायचं उरत नाही.

निकाल बघून मुलं आधीचा अंदाज खोडून बदलतात. हे कसं थांबवायचं?

पेन्सिल देऊच नका. अंदाज स्केचपेनने किंवा खडूने लिहायचा, म्हणजे खोडरबराचा प्रश्नच नाही. आणि सुरुवातीलाच सांगून टाका की अंदाजाला गुण नाहीत, बरोबर-चूक अशी खूणही होणार नाही. शिक्षकाने लाल पेनाने एकदा जरी फुली मारली, तरी पुढच्या वेळी सगळा वर्ग शेजाऱ्याचा कागद बघून लिहितो.

प्रश्न वाचून दाखवताना आवाजातून उत्तर फोडू नका. ‘फुगेल का बरं?’ असं लाडात विचारलं की मुलांना लगेच कळतं की नाही म्हणायचं आहे.

चाळीस मिनिटांच्या तासात हे कसं बसवायचं?

तीस मुलांचा वर्ग धरू. पाच-पाच जणांचे सहा गट, म्हणजे १२ बाटल्या, त्यांतल्या सहांना छिद्र. फुगे बाटल्यांवर आधीच बसवून ठेवा. वर्गात बसवायला घेतले तर निम्मा तास त्यातच जातो. दहा फुगे जास्तीचे जवळ असू द्या, दोन-तीन फुटतातच.

पहिली दहा मिनिटं बाटल्या नुसत्या दाखवायच्या. छिद्र बोटाने दाखवा, ते सगळ्यांना दिसलंय याची खात्री करा आणि अंदाज लिहून घ्या. मग प्रत्येक गटात कामं वाटा: एक धड बाटलीत फुंकणारा, एक छिद्राच्या बाटलीत फुंकणारी, एक बोट ठेवणारी आणि दोघं नीट बघून सांगणारे. आधी सगळ्यांची धड बाटली. तीन फुंकरी, त्याहून जास्त नाही. मग थांबून पहिल्या प्रश्नाची ‘नंतर’ची बाजू भरायची. त्यानंतर छिद्राची बाटली.

छिद्रासमोर कागदी रुमालाची एक सेंटिमीटर रुंद पट्टी वरून चिकटवून ठेवा. फुंकर मारताच ती बाहेरच्या बाजूला उडते. ही पट्टी नसेल तर बाटलीतली हवा बाहेर गेली हे मुलांना फक्त तुम्ही सांगता म्हणून मानावं लागतं. पट्टीऐवजी ओला तळहात छिद्राजवळ धरला तरी गार झुळूक लागते.

तिसऱ्या पायरीला क्रम महत्त्वाचा. आधी बोट, मग तोंड. उत्साहात मुलं तोंड आधी काढतात आणि फुगा बसतो. मोठ्याने तीन अंक मोजा, ‘एक’ला फुंकर, ‘दोन’ला बोट, ‘तीन’ला तोंड बाजूला. जमलं की सगळ्यांना बाटलीच्या तोंडातून आत डोकावू द्या. फुगा उघड्या तोंडाचा आहे, गाठ नाही, धागा नाही, आत बोट घालता येतं, आणि तरीही तो टम्म फुगलेला आहे! या क्षणाला घाई करू नका.

शेवटची दहा मिनिटं रंग भरायला आणि बोलायला.

भरलेला कागद कसा दिसतो?

एक नमुना बघा. डावीकडे पहिल्या बाटलीत मोठा फुगा काढलेला, दुसरीत फुगा लोंबकळतोय. कारण लिहिलंय: ‘भोकातून हवा जाईल.’ तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला ‘लहान होईल’. उजवीकडे पहिल्या बाटलीत लिंबाएवढा फुगा, दुसरीत बाटलीभर.

आता हा कागद तपासताना ‘भोकातून हवा जाईल’ या वाक्यावर थांबा. ते वाक्य चुकलेलं नाही. भोकातून हवा खरंच गेली. फक्त ती फुग्यातली नव्हती, बाटलीतली होती. मुलाला एवढंच विचारा, ‘तू म्हणालीस तसं हवा गेली. कुठली हवा गेली?’ त्याच वाक्यात एक शब्द घालून मूल ते दुरुस्त करतं: ‘भोकातून बाटलीची हवा गेली.’ नवं वाक्य तोंडपाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बोट ठेवल्यावर फुगा फुगलेला का राहतो, हे दुसरीला कसं सांगायचं?

रबराला आक्रसायचं असतं. पण फुगा लहान झाला तर बाटलीत त्याने सोडलेली जागा कुणीतरी भरायला हवी. बाहेरची हवा छिद्रातून आत आली असती, पण वाट बोटाने बंद केली. म्हणून फुगा लहान होऊ शकत नाही. बोट उचललं की हवा आत येते आणि फुगा बसतो. दुसरीला एवढं पुरे.

‘निर्वात’ हा शब्द वापरू नका. बाटलीत हवा आहेच, फक्त थोडी विरळ झाली आहे. ‘हवा फुग्याला ओढून धरते’ हेही टाळा. मोठ्या वर्गांत वातावरणाचा दाब शिकताना ते वाक्य आडवं येतं.

धड बाटलीतही फुगा थोडा फुगतोच. मग बाटली हवेने भरलेली आहे हे खोटं ठरत नाही का?

हा प्रश्न मुलांनी विचारला तर वर्ग चांगला चाललाय असं समजा. हवा दाबली जाते. मुलाच्या फुंकरीने, ढोबळमानाने, तिचा शंभरातला चार-पाच भाग एवढाच आकार कमी होतो. ७५० मिलीमधून ३०–४० मिली, म्हणजे एक छोटं लिंबू. फुग्याला मिळालेली जागा तेवढीच.

दाखवायचं असेल तर सुई नसलेली १० मिलीची नवी सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण बाहेर ओढा, टोकावर अंगठा दाबा आणि दट्ट्या ढकला. थोडा आत जातो, मग अडतो, सोडला की परत येतो. म्हणूनच अंदाजाच्या कागदावर ‘लिंबाएवढा’ हा मधला पर्याय ठेवलाय. नुसतं ‘फुगेल/नाही फुगणार’ असं विचारलं तर धड बाटलीत झालेला छोटासा फुगवटा बघून वर्गात उगाच वाद होतो.

धड बाटलीत फुगा चक्क अर्धा फुगला. काय बिघडलं?

बहुतेक वेळा फुग्याची कडा गळ्यावर नीट बसलेली नसते आणि बाटलीतली हवा तिथून बाहेर पडते. गळ्याभोवती साबणाचं पाणी लावा आणि बाटली हळूच दाबा. गळत असेल तिथे बुडबुडे येतात. कडा खाली ओढा, रबरबँड लावा.

तिथे गळत नसेल तर बाटली पातळ आहे किंवा तिला बारीक भेग आहे. दुमडलेल्या बाटलीला घडीच्या जागी अशी भेग हमखास सापडते. बाटलीच बदलून टाका.

आणि छिद्राच्या बाटलीत फुगत नाही तेव्हा?

आधी बघा, छिद्रावर कुणाचं बोट तर नाही? मूल बाटली कवेत धरतं आणि नकळत तळहाताने छिद्र झाकतं. हे इतक्यांदा होतं की बाटलीवर छिद्राभोवती लाल गोल काढून ठेवावा.

दुसरं कारण दुसरीच्या वयाचंच: पुढचे दात पडलेले असतात. बाटलीचं तोंड ओठांनी पुरतं झाकलं जात नाही आणि कडेने फुर्रर्र होतं. ओठ बाटलीच्या कडेवर टेकवण्याऐवजी कडेच्या बाहेरून घ्यायला सांगा. तरीही जमत नसेल तर त्या मुलाला बोट ठेवायचं काम द्या. तेही तितकंच महत्त्वाचं आहे आणि मुलांना ते जास्त आवडतं.

मुलांना फुंकायला लावायचं नसेल तर?

छिद्राची बाटली तशीच वापरा, फुगा काढून नरसाळं बसवा. नरसाळ्याच्या नळीभोवती मळलेल्या कणकेची जाड वळी लावून ती बाटलीच्या तोंडावर गच्च दाबा. कुठेही फट नको. छिद्रावर बोट ठेवा, बाटली परातीत ठेवा आणि नरसाळ्यात एक पेला पाणी भरकन ओता. थोडंसं पाणी आत पडतं आणि बाकीचं नरसाळ्यातच थांबतं. बोट उचला, पाणी धो-धो खाली. पुन्हा बोट ठेवा, पुन्हा थांबलं. फुग्यासारखंच आहे हे: नवं आत यायचं तर जुन्याला बाहेर जायला वाट हवी.

नरसाळ्याची नळी बारीक हवी, आतून ५–६ मिलिमीटर. तेल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याची रुंद नळी घेतली तर एका बाजूने पाणी खाली आणि दुसऱ्या बाजूने हवा वर, असं गुड-गुड करत पाणी उतरतच राहतं. हळू, बारीक धारेने ओतलं तरी तेच होतं.

फुग्याने किती जागा घेतली हे मोजता येतं का?

येतं, आणि मोजमाप शिकवताना कामी येतं. छिद्रावर चिकटपट्टी लावून बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरा, मग फुगा बसवा. बाटली मोठ्या टबात उभी करून चिकटपट्टी काढा आणि लगेच फुंकर मारा. छिद्रातून पाण्याची पिचकारी उडते. फुगा मोठा झाला की थांबा, बोट ठेवा आणि टबातलं पाणी वाट्यांनी मोजा. जेवढं पाणी बाहेर आलं, तेवढी फुग्याची जागा.

चिकटपट्टी काढल्यावर फुंकर न मारताही थोडं पाणी येतं आणि फुगा आपोआप सैलसर उघडतो. बाहेर गेलेल्या पाण्याची जागा भरायला बाटलीच्या तोंडातून फुग्यात हवा शिरते म्हणून. टब कोरडा असला पाहिजे, नाहीतर मोजणीत आधीचं पाणी मिसळतं. हा प्रयोग अंगणात करा.

काय काळजी घ्यायची?

न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटांवर तसा इशारा कायद्याने छापावा लागतो. दुसरीची मुलं याच वयाची असतात, म्हणून प्रत्येक गटाजवळ मोठं माणूस हवं आणि फुटलेले तुकडे लगेच मोजून उचलायचे. फुगे घरी देऊ नका.

एका फुग्याला एकच तोंड. फुंकणारं मूल बदललं की फुगा बदलायचा आणि बाटलीचा गळा पुसायचा. दमा असलेल्या मुलांना फुंकायला लावू नका. फुग्याच्या रबराने ज्यांच्या ओठांना खाज किंवा सूज येते, त्यांनी फुग्याला हातही लावू नये. त्यांच्यासाठी नरसाळ्याचा प्रयोग आहे. तीन फुंकरींची मर्यादा चक्कर येऊ नये म्हणून आहे, ती पाळा.

गरम पाण्यात बाटली ठेवून फुगा फुगवतात, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालूनही फुगवतात. तेही याच तासाला घ्यावं का?

नको. गरम पाण्याच्या प्रयोगात हवा तापून पसरते, सोड्याच्या प्रयोगात नवा वायू तयार होतो. दोन्ही छान दिसतात, पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. एकाच दिवशी तिन्ही केले तर घरी गेल्यावर मूल फेस आणि फुगा एवढंच सांगतं.

हे अंदाजाचे कागद नंतर काय करायचे?

जपून ठेवा. महिन्याभराने झाकण घट्ट लावलेली बाटली उलटी धरून पाण्याच्या बादलीत खाली ढकला आणि विचारा, ‘झाकण काढून अशीच ढकलली तर पाणी आत जाईल? किती?’ लेखी अंदाज घ्या आणि मगच जुने कागद वाटा. दुसऱ्या प्रश्नापुढचं कारण मुलं स्वतःच वाचतात. काहींना हसू येतं, आणि काही जण बादलीचा अंदाज बदलायला स्केचपेन मागतात. या वेळी द्या, फक्त नव्या ओळीवर लिहायला सांगा.